पेढे कुणी आणायचे?

मराठी घरात निकाल लागला की अभिनंदनाच्या आधी पेढ्यांची चौकशी होते. 'मग, पेढे कधी?' असे विचारले की विचारणाऱ्याचे कर्तव्य संपते आणि पास झालेल्याचे सुरू होते. दहावी-बारावीपर्यंत हे ठीक होते. पास मुलगा व्हायचा आणि पेढे वडिलांच्या खिशातून यायचे. पण राज्यसेवेची परीक्षा पाच-सहा वर्षे देऊन एकतिसाव्या वर्षी यादीत नाव आलेला मुलगा असतो, तेव्हा हा प्रश्न मला जरा निर्दयपणाचा वाटू लागला आहे. ज्या दिवशी सगळे जग त्याच्याकडे पेढे मागते, त्याच दिवशी त्याचा खिसा आयुष्यात कधी नव्हता इतका रिकामा असतो. मेसचे दोन महिने थकलेले असतात, खोलीचे भाडे मित्राने भरलेले असते, आणि पहिला पगार कुठे दूर, आठ-दहा महिन्यांच्या पलीकडे असतो.

हे मी सांगू शकतो, कारण मीही त्या पेठांमध्ये चार वर्षे काढली आहेत. सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्यात 'कॉट बेसिस'वर राहत होतो. म्हणजे खोली आपली नव्हे, खोलीतली एक खाट आपली. सकाळी सहाला अभ्यासिकेत आपल्या नंबरच्या खुर्चीवर जाऊन बसायचे, दुपारी मेस, पुन्हा खुर्ची, रात्री मेस. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणून त्या दिवशी वडापाव. मी पास झालो नाही. मुलाखतीपर्यंत पोचलो आणि तीन गुणांनी राहिलो. आता एका सहकारी बँकेत आहे, संसार आहे, बरे चालले आहे. पण मित्राच्या यशाचा आनंद कसा साजरा करावा, हा विषय निघाला की मला दोन निकाल आठवतात. एकात मी फार मोठी चूक केली. दुसऱ्यात ती पुन्हा होऊ नये एवढेच पाहिले.

पहिला निकाल आबाचा. २०१९च्या राज्यसेवा परीक्षेचा निकाल २०२०च्या जूनमध्ये लागला. आबा माझ्या शेजारच्या खाटेवरचा. दोघांनी एकाच आठवड्यात मुलाखती दिल्या होत्या. ४१३ जणांच्या त्या यादीत तो होता, मी नव्हतो. टाळेबंदीमुळे आम्ही दोघेही तेव्हा आपापल्या गावी होतो, आणि गावे शेजारीच असल्याने मी दुसऱ्याच दिवशी मोटारसायकल काढून त्याच्याकडे गेलो. जाताना तालुक्याला थांबून फ्लेक्सची ऑर्डर दिली. बारा फूट बाय आठ फूट. वर आबाचा फोटो, पदाचे नाव ठळक अक्षरांत, आणि खाली आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे 'शुभेच्छुक' म्हणून दहा-बारा फोटो. खर्च कुणी केला? आमच्या भागातल्या एका वाळू ठेकेदाराने. तो आपणहून म्हणाला, "आपल्या गावचं पोरगं साहेब झालंय, पैशाची काय बात करता?" मला ते तेव्हा मोठ्या मनाचे वाटले. ठेकेदाराचा फोटो 'शुभेच्छुकां'त सर्वात मोठा आला, याकडेही मी लक्ष दिले नाही.

संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर मोजक्या माणसांत सत्कार झाला. मोजकी म्हणजे दीडशे. शाल, श्रीफळ, फेटा. मलाही पुढे बोलावले. सूत्रसंचालन करणारे गुरुजी म्हणाले, "हे साहेबांचे परममित्र. हेही होते, पण थोडक्यात हुकले." टाळ्या पडल्या. नक्की कशासाठी पडल्या ते मला आजही कळलेले नाही. मी हसून नमस्कार केला.

मग सुरू झाली वाट पाहणे. त्या निकालानंतर तीन महिन्यांनी, ९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली आणि त्या यादीतल्या सगळ्यांच्याच नेमणुका अडकल्या. ५ मे २०२१ रोजी न्यायालयाने ते आरक्षण रद्द ठरवले. त्यानंतरही यादी सुधारण्यात महिने गेले. निवड झालेली मुले वर्षाहून अधिक काळ घरी बसून होती. त्यांपैकी कुणी शेतात राबत होते, कुणी शिकवण्या घेत होते, आणि वर्तमानपत्रांतून त्यांच्या बातम्या येत होत्या. आबा भुईमुगाला पाणी देत होता. त्याच्या रानाकडे जाणारी वाट एस.टी. स्टँडवरून जाते, आणि स्टँडवर मी लावलेला फ्लेक्स होता. पावसाळ्यात त्याचा रंग उडाला, एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडू लागला. पण लोकांच्या चौकशीचा रंग उडाला नाही. "साहेब, अजून पोस्टिंग नाही? काय भानगड आहे का?" भानगड हा शब्द ऐकला की आबा त्या दिवशी जेवत नसे, असे त्याच्या आईने मला नंतर सांगितले. एका रात्री त्याने स्वतःच जाऊन तो फ्लेक्स काढला आणि गोठ्यावर पसरला. गळक्या पत्र्याला तेवढाच आधार.

पुढे नेमणूक झाली, आबा रुजू झाला. त्यानंतर साधारण सहा महिन्यांनी त्या ठेकेदाराचा त्याला फोन आला. काम त्याच्या हाताखालचे नव्हतेच, दुसऱ्या तालुक्यातल्या एका अधिकाऱ्याकडे 'शब्द टाकायचा' होता. आबाने नकार दिला. ठेकेदार रागावला नाही, फक्त एवढे म्हणाला, "साहेब, पहिला फ्लेक्स आपला होता." आबाने हे मला फोनवर सांगितले तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. तो म्हणाला, "तू लावलास रे, पण खाली काढत मी बसलोय."

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. मित्रावरच्या प्रेमापोटी आपण हे केले, अशी माझी समजूत होती. पण खरे सांगायचे तर त्या जूनमध्ये मला आबाचा हेवा वाटत होता. तीन गुण डोक्यातून जात नव्हते. आणि तो हेवा कुणाला दिसू नये, मलासुद्धा दिसू नये, म्हणून मी फ्लेक्स बारा फुटांचा केला. गाजावाजा करणाऱ्या सगळ्यांच्या मनात असे काही असते असे मी म्हणणार नाही. पण सत्कारात सत्कारमूर्ती किती असते आणि सत्कार करणारे किती असतात, हे एकदा मोजून पाहायला हरकत नाही. फ्लेक्सवर आबाचा एक फोटो होता आणि आमचे बारा.

दुसरा निकाल मास्तरचा. त्याला आम्ही मास्तर म्हणतो, कारण परीक्षेचा खर्च भागवायला तो नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. माण तालुक्यातला, कोरडवाहू घरातला. हा त्याचा पाचवा प्रयत्न. गुरुवारी संध्याकाळी फोन आला. "यादी लागली. नाव आहे. नायब तहसीलदार." एवढे बोलून गप्प. मी अभिनंदन केले आणि लगेच दोन प्रश्न विचारले. पहिला, "कोणती यादी?" आणि दुसरा, "धाकट्याचं काय?"

पहिल्या प्रश्नाचा अर्थ बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. हल्ली राज्यसेवेचा निकाल एका दमात लागत नाही. मुलाखती झाल्या की आधी सर्वसाधारण गुणवत्ता यादी लागते. मुलाखतीला एका पदामागे साधारण तिघांना बोलावलेले असते, आणि या यादीत त्यांचे गुणानुक्रम असतात. म्हणजे नाव आहे, क्रमांक आहे, पण पद कुणालाच मिळालेले नाही. वर्तमानपत्रात 'राज्यात पहिला' असे छापून येते ते बहुधा याच दिवशी. मग उमेदवारांनी पदांचे पसंतीक्रम द्यायचे. त्यावरून तात्पुरती निवड यादी लागते. त्या यादीतल्या कुणाला आधीच दुसरी चांगली नोकरी असेल, तर त्याला ठरावीक दिवसांत भरतीप्रक्रियेतून बाहेर पडायचा विकल्प देता येतो. त्यामुळे जागा रिकाम्या होतात, खालची मुले वर सरकतात, पदे बदलतात. त्यानंतर अंतिम यादी आणि शासनाकडे शिफारस. इतके होऊनही निकालाच्या पत्रकात एक वाक्य असते, ते नीट वाचावे : ही निवड मूळ प्रमाणपत्रांच्या पडताळणीच्या आणि न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणांच्या निर्णयाच्या अधीन आहे. मग कागदपत्रे, वैद्यकीय तपासणी, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, आणि या सगळ्यानंतर नेमणुकीचा आदेश.

मास्तरची यादी तात्पुरती निवड यादी होती. आनंद व्हायला ती पुरेशी आहे, मिरवायला नाही. हा फरक मित्राने ध्यानात ठेवायचा असतो, कारण त्या दिवशी घरचे लोक तो ध्यानात ठेवू शकत नाहीत आणि त्यांनी ठेवावा अशी अपेक्षाही करू नये. मास्तरच्या गावी सर्वसाधारण गुणवत्ता यादीच्या दिवशीच एका उत्साही चुलत्याने ट्रॅक्टर सजवून ठेवला होता. मास्तरच्या वडिलांना मी फोन केला आणि म्हणालो, "अण्णा, पीक उभं आहे, पण खळ्यावर आलेलं नाही." त्यांना तेवढे पुरले. ते म्हणाले, "मग ट्रॅक्टर सोडतो रानात." कोरडवाहू शेतकऱ्याला उभ्या पिकाची खात्री कुणी शिकवायला लागत नाही.

दुसरा प्रश्न धाकट्याचा. त्या खोलीत चार खाटा. मास्तर, धाकटा, आणि आणखी दोघे, जे अजून पूर्वपरीक्षेच्या पायरीवर होते. धाकट्यानेही त्याच वर्षी मुलाखत दिली होती. दोघांनी एकमेकांच्या मुलाखतीचा सराव घेतला होता, एकच कोट आलटून पालटून घातला होता. यादीची पीडीएफ आली तेव्हा दोघांनी ती एकाच मोबाइलवर उघडली. मास्तरचे नाव सापडले. धाकट्याचे शोधले, पुन्हा शोधले, मग आडनाव वेगळ्या पद्धतीने टाइप करून शोधले. नव्हते. धाकटा उठला, मास्तरला मिठी मारली, आणि "चहा आणतो" म्हणून गेला तो दोन तासांनी आला. चहा न घेता.

मी रविवारी जायचे ठरवले. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे चार वर्षांनंतरही पोटाला आठवत होते. बायकोने मसालेभात केला, मठ्ठा केला, कोशिंबीर केली. पेढे घ्यावेत की नाही यावर आमच्या घरात थोडी चर्चा झाली. बायको म्हणाली, "त्या खोलीत चौघे आहेत. एकाच्या तोंडात पेढा घालणार आणि दुसऱ्याला काय म्हणणार, घे तू पण?" पेढे राहिले. गोडाचे म्हणून तिने गव्हाची खीर दिली. खीर कशासाठी आहे हे विचारावे लागत नाही, ती जेवणातच असते.

खोलीत गेलो, वर्तमानपत्र अंथरले, पाच जण जेवलो. भाषण नाही, फोटो नाही. गप्पा कशाच्या झाल्या? मेसच्या काकांनी शेवभाजीत शेव कमी केल्याच्या. खालच्या मजल्यावरच्या आजी रात्री दहानंतर जिन्याचा दिवा घालवतात याच्या. मास्तर मुलाखतीला निघाला तेव्हा त्याच्या बुटाचा तळ सुटला आणि तो धाकट्याचे एक नंबर मोठे बूट घालून गेला, याच्या. हे सांगताना धाकटाच सर्वात जास्त हसला. त्याला मी 'पुढच्या वेळी नक्की' असे म्हणालो नाही. मला हे वाक्य शंभर जणांनी ऐकवले होते, आणि प्रत्येक वेळी त्यांना जायची घाई आहे असे वाटायचे. मी फक्त विचारले, "गावी जाऊन येणार आहेस का?" तो म्हणाला, "मास्तर गेल्यावर." मला वाटते, मास्तर गेल्यावर त्या खाटेकडे पाहणे त्याला यादीपेक्षा जड जाणार होते. म्हणून आम्ही ठरवले की दोघांनी एकाच दिवशी निघायचे, एकाच एस.टी.ने साताऱ्यापर्यंत जायचे.

जेवण झाल्यावर मास्तर आणि मी शास्त्री रस्त्याने चालत निघालो. दिवाळीपासून हे चालणे राहिले होते. मी खिशातून छोटी वही काढली आणि म्हणालो, "आता हिशेब." हा माझ्या अभिनंदनाचा खरा भाग होता. मेसचे दोन महिने, सहा हजार. खोलीचे एक महिन्याचे भाडे, अडीच हजार. अभ्यासिकेचे एक हजार. वहीच्या दुसऱ्या पानावर पुढचा खर्च लिहिला. प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती, तालुक्याला आणि जिल्ह्याला चार-पाच खेपा, मुंबईची एक खेप, दोन शर्ट, दोन पँटी, आणि स्वतःच्या नंबरचे बूट. साडेदहा हजार धरले. सगळे मिळून वीस हजार. मास्तर फुकट घेणार नाही हे मला माहीत होते, म्हणून मी म्हणालो, "तिसऱ्या पगारातून परत. पहिल्या नाही, दुसऱ्या नाही. पहिला आईला, दुसरा तुझा." तो काही बोलला नाही. थोडे पुढे गेल्यावर म्हणाला, "मेसच्या काकांना आधी देऊ या. त्यांनी एकदाही मागितले नाहीत." आम्ही काकांच्या घरी गेलो आणि पैसे दिले. काकांनी नोटा मोजल्या, त्यातले पाचशे काढून मास्तरच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "हे माझे पेढे." माझ्या पाहण्यातला सगळ्यात नेटका सत्कार तो.

परत येताना त्याने आईला फोन लावला. निकालापासून चौथा दिवस, चार दिवसांत सतराशे साठ फोन आले असतील, पण आईशी धड बोलणे झाले नव्हते, कारण तिच्या हातातून फोन कुणी ना कुणी ओढून घेत होते. त्या दिवशी ती एकटी होती. पद कोणते, पगार किती, गाडी मिळते का, यातले काही तिने विचारले नाही. तिने विचारले, "आता परत परीक्षा नाही ना द्यायची?" मास्तर म्हणाला, "नाही." मग दोघेही बराच वेळ काही बोलले नाहीत. मी जरा पुढे जाऊन एका पुस्तकांच्या दुकानाची बंद फळी पाहत उभा राहिलो.

नंतरच्या आठवड्यांत मित्राचे काम मुख्यतः नकार देण्याचे होते. शिकवणी वर्गांचे फोन येऊ लागले. मास्तरने एकीकडे सराव परीक्षांचा संच विकत घेतला होता आणि दोन ठिकाणी फुकट सराव मुलाखती दिल्या होत्या. तिन्ही ठिकाणांहून 'आमचा विद्यार्थी' म्हणून फोटो हवा होता. एका ठिकाणी तर सराव मुलाखतीच्या अर्जातच फोटो वापरण्याची संमती आधी लिहून घेतली होती. यावर आता नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार यशस्वी उमेदवाराचे नाव, फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती निवड झाल्यानंतर घेतलेली हवी, आणि त्याने तुमच्याकडे नक्की कोणता अभ्यासक्रम घेतला होता हेही जाहिरातीत सांगायला हवे. म्हणजे आधी घेतलेली सही उपयोगाची नाही. मास्तरने ज्यांच्याकडून खरोखर काही घेतले होते त्या एकाला 'फक्त सराव परीक्षा संच' असे लिहून संमती दिली. बाकीच्या दोघांचा उत्साह तेवढ्यावर ओसरला.

दुसरा नकार सत्कार समित्यांना. तालुक्यातून, समाजाच्या मंडळातून, एका पतसंस्थेतून निरोप आले. लोक वाईट नसतात, त्यांना खरेच कौतुक असते. पण हॉलचा खर्च कोण करतो आणि व्यासपीठावर शेजारी कोण बसते, हे मास्तरला कुणी सांगणार नव्हते, आणि मला आबाचा फ्लेक्स आठवत होता. सरकारी नोकरांना लागू असलेल्या १९७९च्या वर्तणूक नियमांत भेटवस्तूंवर बंधने आहेतच, शिवाय आपल्या गौरवासाठी भरवलेल्या जाहीर समारंभाला पूर्वपरवानगीवाचून जाण्यावरही बंधन आहे. बदलीच्या किंवा निवृत्तीच्या वेळचा घरगुती, अनौपचारिक निरोप चालतो. हा नियम करणाऱ्यांना माणसांच्या स्वभावाची चांगली ओळख असली पाहिजे. म्हणूनच तर सत्काराची सगळी घाई यादी आणि रुजू होणे यांच्या मधल्या काळात असते. तेव्हा तो मुलगा नियमाच्या बाहेर असतो आणि त्याला नको म्हणायची सवय झालेली नसते. मास्तरने प्रत्येकाला नम्रपणे एकच सांगितले, "आदेश हातात येऊ द्या, मग बघू." आदेश हातात आल्यावर म्हणाला, "आता नियमात बसत नाही." कुणाचा अपमान झाला नाही, आणि दोन्ही वेळा तो खरेच बोलत होता.

एका शाळेला मात्र तो गेला. गावची जिल्हा परिषदेची शाळा, जिथे तो चौथीपर्यंत शिकला. रुजू होण्याच्या आधीच्या शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा गेला, पाचवीच्या वर्गाला दोन तास गणित शिकवले आणि घरी आला. हार नव्हता, पण बाईंनी फळ्यावर त्याचे नाव खडूने लिहिले होते. सोमवारी ते पुसले गेले असणार.

याला कुणी म्हणेल, अहो, एवढी वर्षे मुलाने ढोरमेहनत केली, आईबापांनी पोटाला चिमटा घेतला, त्यांनी एक दिवस वाजतगाजत मिरवले तर तुमचे काय जाते? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. ज्या घराकडे गावाने कधी मान वर करून पाहिले नाही, त्या घराच्या दारात हलगी वाजणे याला अर्थ आहे. तो नाकारणारा मी कोण? माझे म्हणणे इतकेच की तो निर्णय त्या घराचा असावा, दिवस आदेशानंतरचा असावा आणि खर्च त्या घराला झेपेल तेवढाच, पण त्याच घराचा असावा. मास्तरच्या अण्णांनी आदेश आल्यावर, मास्तर रुजू व्हायच्या आधी, भैरोबाला नैवेद्य केला आणि भावकीतल्या तीस-चाळीस माणसांना जेवू घातले. ट्रॅक्टर पुन्हा सजवला नाही. त्या सुमारास तो खरेच रानात होता.

धाकट्याने पुढचे वर्ष पुन्हा पेठेत काढले, मग तलाठ्याच्या परीक्षेकडे वळला. निकाल यायचा आहे. मास्तरच्या टिपणांच्या वह्या त्याच्याकडे आहेत. मास्तरने त्या 'दिल्या' नाहीत, खाटेखाली विसरल्यासारख्या ठेवून गेला, आणि धाकट्याने परत नेऊन दिल्या नाहीत. दोघेही याविषयी बोलत नाहीत. आबाशी माझे बोलणे होते. त्याचा तो गोठ्यावरचा फ्लेक्स दोन उन्हाळ्यांनंतर फाटला, असे मध्यंतरी त्याने सांगितले. मी माफी मागायला तोंड उघडले, तर म्हणाला, "असू दे, तीन पावसाळे म्हशींना उपयोगी पडला."

मास्तरचे वीस हजार ठरल्याप्रमाणे तिसऱ्या पगारातून आले. द्यायला तो स्वतः आला होता. पिशवीत साताऱ्याचे कंदी पेढे होते, पाव किलो. मी म्हणालो, "अरे, आता कशाला?" तो म्हणाला, "आता परवडतात." मोजले तर नऊ होते. दोन आम्ही दोघांनी खाल्ले, एक मुलीने शाळेतून आल्यावर खाल्ला, आणि उरलेले सहा बायकोने डब्यात भरून त्याच्याच हातात दिले. त्याला संध्याकाळी पेठेत जायचे होते, खोलीवर. त्या दिवशी रविवार होता.